शेवटची तारीख मागावरून काढा

सणांचे दिवस जवळ येऊ लागले की आपल्या व्यवसायात प्री-ऑर्डरच्या जाहिराती सुरू होतात. ‘मर्यादित लॉट’, ‘शेवटचे दोन दिवस’, ‘मग मिळणार नाही’ ही वाक्ये प्रत्येक दुसऱ्या जाहिरातीत असतात. लॉट मर्यादित का, नोंदणी त्याच दिवशी का संपते आणि कापड नेमके केव्हा हाती पडेल, हे मात्र क्वचितच वाचायला मिळते. त्याचे कारण बहुधा एकच असते. तारीख आधी ठरते, जाहिरात त्या तारखेवरून लिहिली जाते आणि विणकराला ती सर्वांत शेवटी कळते. हा क्रम उलटा हवा.

हातमागाच्या कापडाला खरी शेवटची तारीख असते, आणि ती ताण्याची असते. ताणा किती मीटर लांब काढायचा आणि उभे सूत कोणत्या रंगाचे घ्यायचे, हे सूत रंगवायला देण्याच्या दिवशी पक्के होते. त्यानंतर उभा रंग बदलत नाही आणि चढवलेला ताणा वाढत नाही. आडव्या सुताचा रंग पुढेही बदलता येतो, कारण तिथे फक्त धोट्यातली कांडी बदलायची असते. नोंदणीची शेवटची तारीख म्हणजे सूत रंगाऱ्याकडे जाण्याचा आदला दिवस. हे कारण ग्राहकाला एका वाक्यात समजते आणि घाई करा असे वेगळे सांगावे लागत नाही.

एक उदाहरण आकड्यांनिशी मांडू. तीन मागांवर निळ्या ताण्याचे सुती कापड विणायचे आहे. आडवे सूत एका मागावर पांढरे, दुसऱ्यावर हळदी, तिसऱ्यावर राखाडी. प्रत्येक मागावर ६० मीटरचा ताणा. ताण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी मिळून दीड मीटर तरी विणता येत नाही. उभा धागा आडव्याच्या वर-खाली जाताना लांबी आक्रसते. ती साधारण ७ टक्के धरली, तर मागावरून ५४ मीटरच्या आसपास कापड उतरते. पहिल्या धुण्यात ५ टक्के आटले की ५१ मीटर उरतात. तीन मागांचे मिळून १५३. त्यातले १३ मीटर डागी निघणाऱ्या कापडासाठी बाजूला ठेवले, तर विकायला १४० मीटर राहतात. अडीच मीटरचा एक तुकडा धरला, तर ५६ तुकडे. ‘फक्त ५६’ हा आकडा असा निघाला असेल तरच तो जाहिरातीत लिहावा. सूत, पोत आणि मागाप्रमाणे हे आकडे बदलतील, म्हणून ते विणकरासमोर बसूनच काढावेत. १८० मीटर ताणा आहे म्हणून ७२ तुकड्यांची नोंदणी घेणारे विक्रेते आजही आहेत. मग सोळा ग्राहकांना काय द्यायचे हा प्रश्न उभा राहतो. पेच सोडवायला यंत्रमागाचे कापड आणले जाते, ते ‘हातमाग’ म्हणूनच दिले जाते, आणि सगळ्यांत मोठी फसवणूक तिथे होते.

आता तारखा. दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येणारे वर्ष धरू. ग्राहकाला दिवाळीत घालायला शिवलेला कुर्ता हवा असतो, आणि शिंपी सणाच्या बरेच दिवस आधी नवे काम घेणे बंद करतात. म्हणजे कापड ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हाती पडायला हवे. तिथून मागे मोजत यावे. दर मागावर दिवसाला ३ मीटर कापड उतरत असेल, तर ५४ मीटरला विणकामाचे १८ दिवस लागतात. साप्ताहिक सुटी, बाजाराचा दिवस आणि गणपती धरले की त्याचे चार आठवडे होतात. त्याआधी ताणा काढणे, खळ देणे, फणीत भरणे किंवा जुन्या ताण्याला सांधणे यांना एक आठवडा. त्याच्याही आधी सूत रंगवणे. उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांत होणारे हे काम श्रावणात दहा दिवस घेते, कारण लडी वाळत नाहीत. अर्धवट ओल्या लडीला खळ दिली की धागा मागावर तुटत राहतो. विणून झाल्यावर तपासणी, धुणे, कापणी आणि बांधणीला एक आठवडा. शेवटी पाठवणी आणि कुरिअरचे दिवस. असे मोजले तर नोंदणी ५ ऑगस्टला संपायला हवी. ६ ऑगस्टला सूत रंगाला, २४ ऑगस्टच्या सुमारास विणकाम सुरू, २९ सप्टेंबरपासून पाठवणी. हिशेबाने कापड १० ऑक्टोबरपर्यंत घरी पोचते. ग्राहकाला ‘५ ते १५ ऑक्टोबर’ सांगावे. एकच तारीख कधीही देऊ नये आणि ‘सहा ते आठ आठवडे’ असेही लिहू नये, कारण आठवडे कधीपासून मोजायचे हे ग्राहकाला माहीत नसते.

हे हाती असले की जाहिरात फार कसब न लावता लिहिता येते. पहिला संदेश असा असू शकतो:

“निळा ताणा, तीन रंगांचा बाणा. हातमागावरचं सुती कापड, पन्हा ४४ इंच, तुकडा अडीच मीटर, एकदा धुतलेलं. तीन मागांवर एकदाच विणणार आहोत, म्हणून ५६ तुकडे. नोंदणी ५ ऑगस्टला रात्री ८ वाजेपर्यंत. ६ तारखेला सूत रंगवायला जातं, त्यानंतर ताणा वाढवता येत नाही. कापड ५ ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान तुमच्या घरी. किंमत १,४५० रुपये, कर आणि कुरिअर धरून. नोंदणीला निम्मी रक्कम, उरलेली पाठवणीपूर्वी. ५ ऑगस्टपर्यंत रद्द केल्यास पूर्ण रक्कम परत. नंतर आगाऊ रक्कम सुतात गुंतलेली असते, ती परत करता येणार नाही.”

यात कौतुकाचे एकही विशेषण नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. किंमत पहिल्याच संदेशात पूर्ण सांगितली आहे. पैसे भरायच्या टप्प्यावर कुरिअरचा खर्च वाढवून दाखवणे आणि खोटी घाई निर्माण करणे, या दोन्ही गोष्टी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अनुचित ठरवल्या आहेत. ती तत्त्वे विक्रेते आणि जाहिरातदारांनाही लागू आहेत. लहान विक्रेत्याने ती वाचून ठेवावीत.

आडव्या रंगाची निवड नंतरही बदलता येते म्हणून काहीजण ग्राहकाला दोन तारखा देतात, मीटरची एक आणि रंगाची दुसरी. आमच्या मते हे टाळावे. ग्राहक दुसरी तारीख लक्षात ठेवतो आणि पहिली चुकवतो. ती सवड आपल्या हिशेबात ठेवावी. राखाडीला आठच नोंदण्या आल्या आणि हळदी भरून वाहू लागला, तर तिसऱ्या मागावर तेवीस मीटरनंतर कांडी बदलून हळदी विणता येतो. हे मात्र विणकराशी आधी ठरलेले हवे, कारण त्या रंगाचे सूत जास्त रंगवावे लागते.

मुदतीच्या आठवणीचे संदेश दोनच पुरेत, एक दोन दिवस आधी आणि एक शेवटच्या दिवशी सकाळी. ते नोंदणी केलेल्यांना जाऊ नयेत, एवढी यादी नीट वेगळी करावी. पैसे भरलेल्या माणसाला ‘शेवटची संधी’ असा संदेश गेला की आपली नोंद झाली आहे की नाही, या शंकेने तो फोन करतो. आठवणीत काहीतरी नवे आणि खरे असावे: “पांढऱ्याचे १८ पैकी ४ तुकडे उरले आहेत, हळदी संपला. आज रात्री ८ ला नोंदणी बंद होते, उद्या सकाळी सूत रंगाऱ्याकडे.” उरलेला आकडा रोज संध्याकाळी वहीवरून घ्यावा, अंदाजाने टाकू नये.

आपण सगळे जास्त जोर मुदतीच्या आठवणीवर देतो आणि खरी गरज असते ती नंतरच्या संदेशांची. नोंदणी संपल्यापासून कापड घरी येईपर्यंत दोन महिने जातात. पैसे घेऊन गप्प बसलेल्या विक्रेत्याबद्दल ग्राहकाला धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. तीन संदेश पाठवावेत. ताणा मागावर चढला त्या दिवशी एक, छायाचित्रासह. निम्मे कापड उतरले तेव्हा दुसरा. त्यातच उरलेल्या रकमेची तारीख आणि पत्ता बदलला असल्यास कळवण्याची विनंती. तिसरा पाठवणीच्या दिवशी, पार्सलच्या क्रमांकासह. त्यात दोन गोष्टी जरूर लिहाव्यात. आडव्या सुतात मधूनच जाड धागा दिसेल, काठाला कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या पिनांची बारीक भोके असतील. ती हातमागाची खूण आहे. पण सलग उभी फणीची रेघ, तुटलेल्या धाग्याचा लांब लोंबता पट्टा किंवा तेलाचा डाग असेल, तर तो दोष आहे आणि तुकडा बदलून मिळेल. त्यासाठीच १३ मीटर बाजूला ठेवले होते. प्रत्येक दोषाला ‘हाताची कला’ म्हणून खपवणे आपण थांबवायला हवे.

उशीर होणारच नाही असे कोणी गृहीत धरू नये. तो कळवायचा कसा, एवढेच आपल्या हातात आहे, आणि तो कळला त्याच दिवशी लिहावे: “ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातल्या सततच्या पावसात रंगवलेलं सूत वाळायला सात दिवस जास्त लागले. ताणा २४ ऐवजी ३१ ऑगस्टला चढेल. तुमचं कापड आता १२ ते २२ ऑक्टोबरच्या दरम्यान पोचेल. दिवाळीसाठी शिवायचं असेल तर शिंप्याला आजच सांगून ठेवा. एवढं थांबणं शक्य नसेल तर २५ ऑगस्टपर्यंत कळवा, पूर्ण रक्कम परत करू.” उशीर आपल्या बाजूने झाला असल्यामुळे इथे आगाऊ रकमेची मूळ अट लावायची नाही. ऑगस्टमध्ये असे पत्र मिळालेला ग्राहक बहुधा थांबतो. तेच पत्र १६ ऑक्टोबरला मिळाले, तर तो थांबत नाही. विणकरालाही याचा फायदा होतो. उशीर लपवला की तो भरून काढण्याचा तगादा मागावर येतो, रात्री दिव्याखाली विणलेल्या कापडात चुका वाढतात आणि त्याची मजुरी कापली जाते.

राहिला प्रश्न ‘लोकाग्रहास्तव मुदतवाढ’चा. ५६ पैकी ३६ च तुकडे गेले, तर मुदत वाढवण्यापेक्षा ताणा आखूड काढावा किंवा दोनच माग चालवावेत. तिसऱ्या विणकराला ५ ऑगस्टच्याच रात्री तसे कळवावे, म्हणजे तो दुसरे काम घेऊ शकेल. उलट मागणी जास्त आली, तर नावे प्रतीक्षा यादीत लिहून घ्यावीत. बदलून देण्यासाठी ठेवलेल्या मीटरांतले जे ऑक्टोबरअखेर उरेल, ते आधी त्या यादीतल्यांना विचारावे. पुढच्या लॉटचा ताणा किती लांब काढायचा, याचा अंदाजही त्या यादीवरूनच येतो.