पत्ता बदलला, पण कोणत्या तारखेपासून?

पुण्याचा एक खातेदार बंगळूरुला राहायला गेला. बँकेने त्याचा नवा पत्ता नोंदवला आणि रात्रीच्या लोडमध्ये वेअरहाउसमधल्या त्याच्या ओळीवरही तो चढला. सकाळी महाराष्ट्राची मागच्या तीन वर्षांची उलाढाल किंचित घटली होती आणि कर्नाटकाची तेवढीच वाढली होती. एका खातेदाराने हे कोणाला कळत नाही. पण वर्षभरात पत्ते बदलणाऱ्या सगळ्यांची बेरीज झाली की मार्चचा मार्चमध्ये काढलेला अहवाल आणि मार्चचाच ऑक्टोबरमध्ये काढलेला अहवाल जुळत नाहीत. मग चूक कुठल्या क्वेरीत आहे याचा शोध सुरू होतो. क्वेरी मात्र दोन्ही वेळा एकच असते.

यावरचा उपाय जुना आहे. राल्फ किंबॉल यांनी १९९६ साली ‘द डेटा वेअरहाउस टूलकिट’मध्ये सावकाश बदलणाऱ्या डायमेन्शनचे प्रकार मांडले. टाइप १ म्हणजे जुन्यावर नवे लिहिणे. टाइप २ म्हणजे जुनी ओळ बंद करून नवी ओळ उघडणे. टाइप २ मध्ये प्रत्येक ओळीला स्वतःची सरोगेट की मिळते, ग्राहक क्रमांक तोच राहतो, आणि ती ओळ कधीपासून कधीपर्यंत खरी होती हे दोन तारखा सांगतात. फॅक्ट तक्त्यात ग्राहक क्रमांकाऐवजी सरोगेट की जाते, त्यामुळे जुना व्यवहार जुन्या पत्त्याला चिकटून राहतो.

आज बहुतेक टीम इथपर्यंत येतात. `valid_from` आणि `valid_to` हे कॉलम असतात, लोड चालतो, ओळी बंद होतात नि उघडतात. पण `valid_from`मधली तारीख नेमकी कशाची, हे विचारले की एकाच टीममधून तीन वेगळी उत्तरे मिळतात. या अंकात त्या एका कॉलमविषयी.

वरच्याच खातेदाराचे उदाहरण घेऊ. तारखा नमुन्यादाखल आहेत. पुण्याचा पत्ता १० जून २०२१ पासूनचा. माणूस बंगळूरुला राहायला गेला १५ एप्रिल २०२४ रोजी. बँकेत पत्ता बदलण्याचा अर्ज दिला ३ जूनला. वेअरहाउसच्या लोडला तो बदल दिसला ४ जूनच्या पहाटे. मधल्या काळात, २० मे रोजी, त्याच्या खात्यातून डेबिट कार्डाचे वार्षिक शुल्क कापले गेले.

या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. बँकिंग सेवेसाठी आयजीएसटी कायद्याच्या कलम १२(१२) नुसार पुरवठ्याचे ठिकाण ठरते ते बँकेच्या नोंदीतल्या ग्राहकाच्या ठिकाणावरून. माणूस त्या दिवशी प्रत्यक्ष कुठे राहत होता, यावरून ते ठरत नाही. २० मेला नोंद पुण्याची होती. म्हणजे महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या शाखेने ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा कर लावला, तो बरोबरच होता. जूनच्या अर्जानंतरच्या शुल्कावर आंतरराज्य कर, म्हणजे आयजीएसटी लागेल.

आता हाच व्यवहार शाखाविस्तार पाहणाऱ्या विभागाच्या डोळ्यांनी पाहा. मे महिन्यात बंगळूरुमध्ये किती ग्राहक राहत होते, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्या हिशेबात हा माणूस १५ एप्रिलपासूनच बंगळूरुचा. लेखा विभागाला ३ जून हवी, विस्तार विभागाला १५ एप्रिल हवी, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. ४ जून कोणालाच नको असते, तरीही अनेक वेअरहाउसमध्ये तीच लिहिलेली सापडते.

ती येते साधनांच्या ठरलेल्या वागण्यातून. डीबीटीच्या स्नॅपशॉटमध्ये `check` ही पद्धत वापरली तर `dbt_valid_from`मध्ये स्नॅपशॉट चालल्याची वेळ जाते. `timestamp` पद्धतीत मूळ तक्त्यातल्या बदलाच्या वेळेचा कॉलम वापरला जातो, म्हणजे निदान नोंदीची वेळ मिळते. जॉब तीन दिवस बंद पडला आणि त्यात पत्ता दोनदा बदलला, तर मधला पत्ता कुठल्याच पद्धतीत मिळत नाही. `check` पद्धतीत आणखी एक खड्डा आहे. पहिला स्नॅपशॉट ज्या दिवशी चालला तोच प्रत्येक ग्राहकाच्या पहिल्या ओळीचा आरंभ ठरतो. त्याआधीचे व्यवहार तारखेने जोडायला गेले की त्यांना ओळच सापडत नाही आणि इनर जॉइनमधून ते मुकाट्याने गळतात. पहिल्या ओळीचा आरंभ खाते उघडल्याच्या तारखेपर्यंत मागे न्यावा आणि हा आरंभ गृहीत धरलेला आहे, अशी खूण त्या ओळीवर ठेवावी.

समजा, टीमने १५ एप्रिल ही खरी तारीख निवडली. ४ जूननंतर डायमेन्शन असे दिसेल:

```
customer_sk  customer_id  city       valid_from  valid_to
501          C1042        Pune       2021-06-10  2024-04-15
877          C1042        Bengaluru  2024-04-15  9999-12-31
```

दोन्ही ओळींवर १५ एप्रिल दिसते, ते योग्यच आहे. आरंभाची तारीख धरायची आणि शेवटची सोडायची, हा नियम पाळला की दोन ओळींमध्ये फटही राहत नाही आणि त्या एकमेकींवर चढतही नाहीत. इथे `BETWEEN` लिहिले तर १५ एप्रिलचा व्यवहार दोन्ही ओळींना लागून दोनदा मोजला जाईल. चालू ओळीची शेवटची तारीख रिकामी ठेवली असेल तर उलटा प्रकार होतो. `NULL`शी केलेली तुलना कधीच खरी ठरत नाही, त्यामुळे आजचे सगळे पत्ते निकालातून नाहीसे होतात. पोस्टग्रेसमध्ये ओळी एकमेकींवर चढू न देण्याचे काम डेटाबेसवरच सोपवता येते. `daterange`वर `EXCLUDE` बंधन घालण्याची सोय तिथे बरीच वर्षे आहे आणि १८ व्या आवृत्तीत प्रायमरी की व युनिक बंधनांसाठी `WITHOUT OVERLAPS` आले आहे.

डायमेन्शन नीटनेटके झाले, पण २० मेचे शुल्क अडचणीत सापडले. ते लोड झाले तेव्हा वेअरहाउसला फक्त पुणे माहीत होते, म्हणून त्यावर 501 ही की बसली. आता 501 ची मुदत १५ एप्रिललाच संपलेली आहे. की म्हणते पुणे, तारीख म्हणते बंगळूरु. अशा ओळी किती आहेत हे एका तपासणीत कळते:

```sql
SELECT COUNT(*)
FROM fact_charge f
JOIN dim_customer d
  ON d.customer_sk = f.customer_sk
WHERE f.txn_date < d.valid_from
   OR f.txn_date >= d.valid_to;
```

हा आकडा शून्य नसेल, तर मागच्या तारखेने आलेले बदल फॅक्टपर्यंत पोचलेले नाहीत. १५ एप्रिल ते ३ जूनच्या व्यवहारांवरची की 877 करणे हा सरळ मार्ग. पण त्याने एप्रिल आणि मेचे छापून गेलेले आकडे पुन्हा हलतात, म्हणजे सुरुवातीला जी तक्रार होती तीच लहान प्रमाणात परत येते. शिवाय एखादा अहवाल कराची विभागणी डायमेन्शनमधल्या राज्यावरून करत असेल, तर मेच्या शुल्कावर तो आयजीएसटी दाखवील आणि भरलेल्या विवरणपत्राशी त्याचा मेळ बसणार नाही. म्हणून करासाठी लागणारा राज्याचा कोड, महाराष्ट्राचा २७ किंवा कर्नाटकाचा २९, व्यवहाराच्या वेळीच फॅक्टच्या ओळीत उतरवून ठेवावा. जो कर लावला तो त्या व्यवहाराचा भाग आहे. ग्राहकाच्या आजच्या इतिहासावरून तो पुन्हा काढायला जाऊ नये.

दोन्ही विभागांना त्यांच्या तारखा हव्या असतील तर दुहेरी कालनोंद करावी लागते. एक जोडी प्रत्यक्षाची, दुसरी नोंदीची. महसुलातली फेरफार नोंदवही अनेकांनी पाहिली असेल. तिथे खरेदी कधी झाली, नोंद कधी धरली आणि ती प्रमाणित कधी झाली हे वेगवेगळे वाचता येते. वेअरहाउसमध्ये या खातेदाराच्या तीन ओळी होतील. ‘पुणे, पुढे कायम’ ही समजूत ३ जूनला बंद होईल. त्याच दिवशी ‘पुणे, १५ एप्रिलपर्यंत’ आणि ‘बंगळूरु, १५ एप्रिलपासून’ या दोन नव्या समजुती उघडतील. ‘मेअखेरीस आपल्याला काय माहीत होते’ आणि ‘मेमध्ये खरे काय होते’ या दोन्ही प्रश्नांना उत्तर मिळते. एसक्यूएलच्या २०११ च्या प्रमाणकात दोन्ही काळांची तरतूद आहे. याची किंमत मात्र रोजची आहे. प्रत्येक क्वेरीत दोन तारखा द्याव्या लागतात, आणि एक विसरली तर ओळी दुप्पट होतात. दुहेरी नोंद मूळ तक्त्यात ठेवून विश्लेषकांना एका काळाचे तयार व्ह्यू देणे, एवढीच सवलत अनेक ठिकाणी पुरते.

सगळ्यात आधी अर्जाचा नमुना पाहावा. नव्या पत्त्यावर कधीपासून राहता, हा रकानाच नसेल तर १५ एप्रिल कुठून मिळणार? पुरावा म्हणून भाडेकरार जोडला असेल तर त्यावर आरंभाची तारीख असते, पण ती कोणी टंकत नाही. अशा वेळी `valid_from` म्हणजे नोंदीची तारीख, हे डेटा कोशात स्पष्ट लिहावे आणि विस्तार विभागाला ते सांगून ठेवावे. ज्याची माहितीच गोळा होत नाही त्याचा इतिहास टाइप २ ने तयार होत नाही.

माणूस न हलता पत्ता बदलतो, ते प्रकरण वेगळे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला आणि वसईचा ग्राहक घरात बसून नव्या जिल्ह्यात गेला. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. शहराच्या नावातला कुठलाही फरक नवी ओळ उघडत असेल, तर अशा नामांतरानंतर त्या शहराच्या प्रत्येक ग्राहकाची नवी ओळ तयार होते आणि स्थलांतराच्या अहवालात अख्खे शहर हललेले दिसते. जिल्हा आणि शहर ग्राहकाच्या डायमेन्शनमधून काढून वेगळ्या भौगोलिक तक्त्यात ठेवावेत आणि ग्राहकाच्या ओळीवर फक्त ठिकाणाचा कोड असावा. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत गाव, तालुका आणि जिल्ह्यांचे कोड आहेत. नाव बदलले किंवा जिल्हा फुटला तर इतिहास त्या तक्त्यात वाढतो. ‘कोथरुड’च्या स्पेलिंगमधली चूक ही तिसरी जात. ती टाइप १ ने, जुन्या ओळींसह सगळीकडे दुरुस्त करावी, कारण चुकीचे स्पेलिंग कोणत्याच काळात खरे नव्हते.

जुन्या ओळी किती काळ ठेवायच्या, हेही आता ठरवावे लागेल. बंद झालेली ओळ हीसुद्धा व्यक्तिगत माहितीच आहे. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा सांगतो की हेतू संपला की माहिती पुसावी, दुसऱ्या कायद्याने ती ठेवायला लावली असेल तर गोष्ट वेगळी. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली बँकांना ग्राहकाच्या ओळखीच्या नोंदी संबंध संपल्यानंतर ५ वर्षे जपाव्या लागतात. त्यानंतर घर क्रमांक, इमारत आणि रस्ता पुसून पिनकोड, ठिकाणाचा कोड आणि दोन्ही तारखा ठेवल्या तर प्रदेशवार बेरजा चालू राहतात. मात्र हे पुसणे सुरू करण्यापूर्वी जुन्या ओळींच्या प्रती आणखी कुठे आहेत हे शोधावे. स्नॅपशॉटचे तक्ते, बॅकअप आणि विश्लेषकांनी काढून ठेवलेल्या एक्सेल फायली या यादीत हमखास सापडतात.