प्रोटोकॉलचा सारांश : निकष आधी, निष्कर्ष नंतर

आयुर्वेदातील एखाद्या कल्पावर झालेल्या सर्व चाचण्या शोधून, पारखून, त्यांचा एकत्रित अर्थ लावणाऱ्या लेखनास सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजेच पद्धतशीर आढावा, असे म्हणतात. असा आढावा सुरू करण्यापूर्वी त्याचा आराखडा लिहून प्रसिद्ध करण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. हा आराखडा म्हणजे प्रोटोकॉल. ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठातून 2011 पासून चालणाऱ्या ‘प्रॉस्पेरो’ या नोंदवहीत अशा आढाव्यांची आगाऊ नोंद होते, आणि प्रोटोकॉलमध्ये कोणते मुद्दे असावेत याची ‘प्रिझ्मा-पी’ ही 17 मुद्द्यांची सूची 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. चिकित्सा-चाचण्यांच्या पूर्वनोंदणीशी तर आपण परिचित आहोतच. भारतात 2009 पासून ती सक्तीची आहे. आढाव्याच्या पूर्वनोंदणीमागील तत्त्वही तेच आहे : उत्तर हाती येण्यापूर्वी प्रश्न आणि मोजमाप निश्चित करावे.

परंतु प्रोटोकॉलच्या मुखाशी असणाऱ्या सारांशाकडे मात्र आपले पुरेसे लक्ष नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्ण झालेल्या आढाव्याच्या सारांशाचा साचा आपल्या हाताला बसलेला असतो : पार्श्वभूमी, पद्धती, परिणाम, निष्कर्ष. तोच साचा प्रोटोकॉलला लावला की ‘परिणाम’ आणि ‘निष्कर्ष’ ही दोन रिकामी घरे लेखकाकडे पाहत राहतात, आणि रिकामे घर भरण्याचा मोह आवरत नाही. मग जे अद्याप घडलेलेच नाही ते तेथे लिहिले जाते. प्रस्तुत लेखात एका नमुन्याच्या आधारे या सारांशाची दुरुस्ती कशी करावी, हे मांडण्याचा हेतू आहे.

नमुन्यासाठी जानुसंधीतील संधिगतवात आणि योगराज गुग्गुळ हा विषय घेऊ. खालील मसुदा या लेखासाठी रचलेला आहे, तथापि त्यातील दोष सर्वत्र आढळणारे आहेत.

‘संधिगतवात ही वृद्धापकाळातील त्रासदायक व्याधी असून योगराज गुग्गुळ तिच्यावर अत्यंत उपयुक्त आहे. या आढाव्यासाठी विविध माहितीसंचांत शोध घेऊन योग्य त्या दर्जेदार चाचण्या निवडण्यात आल्या. प्राथमिक शोधात 14 चाचण्या मिळाल्या असून बहुतेकांत वेदना लक्षणीय प्रमाणात कमी झाली. माहितीचे योग्य संख्याशास्त्रीय विश्लेषण केले जाईल. योगराज गुग्गुळ हा सुरक्षित व प्रभावी पर्याय असल्याचे या आढाव्यातून सिद्ध होईल.’

या पाच वाक्यांत परिणाम तीन ठिकाणी डोकावतो. ‘अत्यंत उपयुक्त आहे’ हे ज्याचा शोध घ्यायचा त्याचेच उत्तर आहे. ‘14 चाचण्या मिळाल्या’ आणि ‘वेदना कमी झाली’ हे उघडच परिणाम आहेत. ‘सिद्ध होईल’ हा भविष्यकाळात लिहिलेला निष्कर्ष आहे; क्रियापद भविष्यातील आहे एवढ्याने तो निर्दोष ठरत नाही. उलट जे सांगायला हवे होते ते दोन ठिकाणी ‘योग्य’ या एका शब्दाखाली झाकले गेले आहे. योग्य चाचण्या म्हणजे कोणत्या? योग्य विश्लेषण म्हणजे कोणते? सारांशाचा खरा मजकूर या दोन प्रश्नांच्या उत्तरातच आहे.

प्रथम पात्रता-निकष पाहू. रुग्ण कोण, हे आधी ठरवावे लागते. चरकसंहितेत वातव्याधी-चिकित्सेत वर्णिलेला संधिगत अनिल आणि आधुनिक शास्त्रातील ऑस्टिओआर्थ्रायटिस हे तंतोतंत एकच नव्हेत. एखाद्या चाचणीत केवळ शूल, शोथ व आकुंचन-प्रसारणातील वेदना यांवरून निदान केले असेल आणि दुसरीत अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हुमॅटॉलॉजीचे निकष व क्ष-किरण परीक्षण वापरले असेल, तर दोन्ही घ्यायच्या की एकच, हे चाचण्या वाचण्यापूर्वी लिहून ठेवले पाहिजे.

त्यानंतर औषध. येथे औषधनिर्मात्या वाचकांचा संबंध विशेष येतो. योगराज गुग्गुळ आणि महायोगराज गुग्गुळ ही नावे व्यवहारात सैलपणे वापरली जातात. परंतु महायोगराजात वंग, रौप्य, नाग, लोह, अभ्रक, मंडूर यांची भस्मे आणि रससिंदूर असतात. दोहोंच्या चाचण्या एकाच राशीत टाकल्या, तर निघणारे उत्तर कोणत्या गोळीचे, हे कोणालाच सांगता येणार नाही. सुरक्षिततेचा प्रश्न तर दोहोंचा सर्वस्वी भिन्न आहे. तीच गोष्ट सहचिकित्सेची. गुग्गुळासोबत जानुबस्ती किंवा स्नेहन-स्वेदन दिले असेल, तर ते दोन्ही गटांत समान होते काय, यावर पात्रता अवलंबून ठेवावी लागेल.

तिसरा निकष तुलनेचा. औषधविरहित गोळी, वेदनाशामक औषध आणि दुसरा आयुर्वेदीय कल्प या तीन तुलना तीन वेगळे प्रश्न विचारतात. कोणत्या स्वीकारल्या आणि त्या स्वतंत्र ठेवल्या जातील काय, हे सारांशात एका वाक्यात बसते. चौथा निकष मोजमापाचा व काळाचा : वेदना कोणत्या मापनपद्धतीने आणि किती आठवड्यांनी मोजलेली धरायची.

आता एकत्रीकरणाचा आराखडा. ‘मेटा-अॅनालिसिस केले जाईल’ एवढे लिहून भागत नाही, कारण ते केव्हा केले जाणार नाही हेच अधिक महत्त्वाचे असते. वेदना काही चाचण्यांत ‘वोमॅक’ प्रश्नावलीने आणि काहींत वेदनामापक रेषेने मोजलेली असणार, हे आपणांस ठाऊकच आहे. मापे भिन्न असतील तर प्रमाणित सरासरी-फरक वापरावा लागतो. माप एकच असेल तर साधा सरासरी-फरक पुरतो. मात्रा, अनुपान व रुग्णप्रकृती यांत भेद अपेक्षित असल्याने रँडम-इफेक्ट्स प्रतिमान निवडणे सयुक्तिक ठरते. चाचण्या परस्परांशी जुळण्याजोग्या नसतील तर संख्या एकत्र न करता तक्त्यांच्या आधारे वर्णनात्मक मांडणी करण्याचा पर्यायही आधीच नोंदवावा. उपगट पाडायचे असतील तर तेही आताच सांगावेत. आकडे पाहिल्यानंतर पाडलेल्या उपगटांत काही ना काही अनुकूल सापडतेच.

या विवेचनानुसार सुधारलेला सारांश असा होईल :

‘पार्श्वभूमी : जानुसंधीच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये योगराज गुग्गुळ मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. त्याचा वेदना व कार्यक्षमतेवरील परिणाम आणि त्याची सुरक्षितता तपासणे, हा या आढाव्याचा उद्देश आहे. पद्धती : अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हुमॅटॉलॉजीच्या निकषांनी किंवा क्ष-किरणाने निदान झालेल्या, 40 वर्षांवरील रुग्णांवरील यादृच्छिक नियंत्रित चाचण्या पात्र असतील. योगराज गुग्गुळ किमान 4 आठवडे पोटातून दिलेला असावा. महायोगराज गुग्गुळाच्या चाचण्या वगळल्या जातील. सहचिकित्सा दोन्ही गटांत समान असेल तरच चाचणी घेतली जाईल. तुलना औषधविरहित गोळीशी किंवा वेदनाशामकाशी असावी. या दोन तुलनांचे विश्लेषण स्वतंत्र राहील. मुख्य फलित 8 ते 12 आठवड्यांनंतरची वेदना हे असेल. कार्यक्षमता व प्रतिकूल घटना ही दुय्यम फलिते असतील. निवड व माहिती-संकलन दोन परीक्षक स्वतंत्रपणे करतील आणि पूर्वग्रहाचा धोका तपासतील. किमान 2 जुळणाऱ्या चाचण्या असल्यास रँडम-इफेक्ट्स पद्धतीने प्रमाणित सरासरी-फरक काढला जाईल. अन्यथा वर्णनात्मक मांडणी केली जाईल. निदानपद्धतीनुसार उपगट-विश्लेषण नियोजित आहे. नोंदणी : प्रॉस्पेरो क्रमांक.’

यात निष्कर्षाचे घर नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. प्रोटोकॉल छापणारी नियतकालिके त्या जागी बहुधा चर्चा अथवा नैतिक बाबी व प्रसार असे शीर्षक देतात. तेथे आढाव्याचा उपयोग कोणास होईल एवढेच लिहावे. उत्तर कोणत्या बाजूचे येईल हे सूचित करू नये.

दुरुस्ती पुरी झाली की नाही, हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. सारांशातील प्रत्येक आकड्याखाली रेघ ओढावी आणि विचारावे : हा आकडा आपण ठरविला आहे, की आपल्याला सापडला आहे? वरील सारांशातील 40, 4, 8, 12 आणि 2 हे सर्व ठरविलेले आहेत. पहिल्या मसुद्यातील 14 सापडलेला होता. क्रियापदांनाही हीच कसोटी लावावी. ‘शोधसूत्र तयार केले आहे’ असा भूतकाळ चालेल, कारण तो पूर्वतयारीचा आहे. ‘आढळले’ आणि ‘कमी झाली’ चालणार नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, पूर्वीच्या चाचण्यांचे परिणाम सांगितल्याशिवाय आढाव्याची गरज कशी पटवावी? हा आक्षेप रास्त आहे. पूर्वप्रकाशित संशोधन पार्श्वभूमीत अवश्य सांगावे. मात्र ते अन्यत्र प्रकाशित झालेले, आणि शक्यतो परस्परविरोधी वा अपुरे, म्हणून सांगावे. आपल्याच शोधातून हाती आलेले आकडे त्यात मिसळू नयेत. शोध किंवा निवड प्रत्यक्षात सुरू झाली असेल तर कोणता टप्पा गाठला आहे ते नोंदणीत प्रांजळपणे लिहावे. त्यातून काय मिळाले ते लिहू नये. पुढे निकष बदलावा लागला तर बदल, दिनांक व कारण नोंदवून तो करता येतो. आराखडा म्हणजे बेडी नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, निकष मूळ लेखात असतातच, मग मर्यादित शब्दांच्या सारांशात ते कशाला? याचे उत्तर वाचकांच्या सवयीत आहे. माहितीसंचांत बहुतेकांना केवळ सारांश दिसतो आणि तेवढाच वाचला जातो. ‘सुरक्षित व प्रभावी असल्याचे सिद्ध होईल’ हे वाक्य तेथून उचलले जाऊन उद्या एखाद्या औषधाच्या माहितीपत्रकावर ‘पद्धतशीर आढाव्यानुसार’ म्हणून छापले गेले, तर ज्या आढाव्यासाठी एकही चाचणी अद्याप पारखली गेलेली नाही, त्याचा दाखला रुग्णाच्या हाती पडेल. आणि वर्षभराने खरा आढावा ‘पुरावा अपुरा आहे’ असे सांगू लागला, तर विश्वास उडेल तो केवळ त्या लेखकावरचा नव्हे.

म्हणून आपल्या महाविद्यालयांतील पदव्युत्तर मार्गदर्शकांनी आणि औषधशाळांच्या संशोधन-विभागांनी प्रोटोकॉल पाठविण्यापूर्वी त्याचा सारांश एखाद्या त्रयस्थ वैद्यास वाचावयास द्यावा आणि त्यास एकच प्रश्न विचारावा : ‘हे औषध उपयोगी आहे असे या लेखकांना वाटते काय?’ त्यास उत्तर देता आले, तर सारांश अजून दुरुस्त व्हावयाचा आहे, असे समजावे.