गावात मिटलं, पण कोर्टात मिटतं का? जाणून घ्या, कोणत्या गुन्ह्यात तडजोड चालते आणि कोणत्यात नाही

चापट-बुक्कीचा गुन्हा आपसात मिटतो, कोयत्याचा मिटत नाही. पैसे देऊन गंभीर गुन्हा दाबणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे.

परभणी : धुऱ्यावरून भांडण होते, हातघाई होते, पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल होतो. आठवडाभरात नातेवाईक मध्ये पडतात, पारावर बैठक बसते, बॉण्डवर सह्या होतात आणि दोन्ही घरे सुटकेचा नि:श्वास सोडतात. दीड-दोन वर्षांनी मात्र दारात समन्स येते. ‘आमचं तर मिटलंय’ असे म्हणून कोणी तारखेला गेले नाही, तर पुढे वॉरंट निघते. असे होते, कारण बॉण्डवरची तडजोड आणि कायद्याची तडजोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यादी कुठे आहे?

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये दोन तक्ते आहेत. पहिल्या तक्त्यातील गुन्हे पीडित व्यक्ती कोर्टाच्या परवानगीशिवाय मिटवू शकते. साधी दुखापत, शिवीगाळ, अडवून धरणे, चोरी, शेतात किंवा घरात बेकायदा घुसणे, बदनामी असे गुन्हे त्यात येतात. दुसऱ्या तक्त्यातील गुन्ह्यांना कोर्टाची परवानगी लागते. गंभीर दुखापत आणि फसवणूक करून मालमत्ता लाटणे हे त्यातले नेहमीचे. याच कलमाच्या शेवटच्या भागात स्पष्ट म्हटले आहे, की या तरतुदीबाहेर कोणताही गुन्हा आपसात मिटवता येणार नाही. म्हणजे जे यादीत नाही, ते मिटत नाही.

एकच भांडण, दोन निकाल

उदाहरण घेऊ. दोन भावकीतल्या शेतकऱ्यांचे धुऱ्यावरून वाजले. एकाने दुसऱ्याला बुक्क्या मारल्या, आईवरून शिव्या दिल्या. भारतीय न्याय संहितेनुसार हे कलम 115(2) आणि 352. दोन्ही पहिल्या तक्त्यात आहेत. समजा बुक्कीने हात मोडला, तर कलम 117(2) लागेल. शिक्षा सात वर्षांपर्यंत असली, तरी कोर्टाच्या परवानगीने तेही मिटवता येते.

आता समजा, त्याच भांडणात बुक्कीऐवजी कोयता उगारला गेला आणि दंडावर दोन टाके पडतील एवढी जखम झाली. कलम 118(1) लागते, धोकादायक हत्याराने दुखापत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, म्हणजे हाड मोडण्याच्या गुन्ह्यापेक्षा कमी. तरीही हा गुन्हा यादीत नाही. जुन्या कायद्यात तो कलम 324 होता आणि 2009 च्या अखेरीपर्यंत कोर्टाच्या परवानगीने मिटवता येत होता. नंतर तो यादीतून काढला गेला आणि नव्या संहितेतही परत आला नाही.

हे उलटे वाटेल. पण हत्यार उपसण्याची भीती फक्त समोरच्याला नसते, ती सगळ्या शिवाराला असते, हा त्यामागचा विचार म्हणता येईल. म्हणूनच तडजोडीला बसण्याआधी एफआयआरची प्रत हातात घ्या आणि त्यातले प्रत्येक कलम तपासा. चारपैकी तीन कलमे मिटली आणि एक उरले, तर खटला त्या एकासाठी चालूच राहतो. हीच चूक सर्वाधिक महागात पडते.

सही कोणाची चालते?

ज्याला मार लागला त्याचीच. सरपंच, पोलीस पाटील किंवा मोठा भाऊ त्याच्या वतीने गुन्हा मिटवू शकत नाही. पीडित अज्ञान असेल, तर कोर्टाच्या परवानगीने त्याच्या वतीने पालक मिटवू शकतात. मात्र गुन्हा मुळात यादीतला हवा.

दोन्ही पक्षांनी न्यायाधीशांसमोर हजर राहून तडजोडीची पुरसिस द्यायची. पीडिताने स्वखुशीने सही केली का, हे न्यायाधीश विचारतात. त्यांची खात्री पटून तडजोड नोंदली गेली, की आरोपीची निर्दोष मुक्तता होते. त्यानंतर ‘माझा विचार बदलला’ म्हणून तोच खटला पुन्हा उभा करता येत नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांनी मात्र लक्षात ठेवावे, की असा गुन्हा अर्जात लपवू नये. मिटलेला गुन्हा एक वेळ माफ होतो, लपवलेला नोकरी घालवतो.

राष्ट्रीय लोकअदालतीतही हीच मर्यादा आहे. यादीबाहेरचा गुन्हा लोकअदालतीला हाताळता येत नाही. 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतील समित्यांनी अनेक गावांत भांडणे मिटवली. पण खटला दाखल असेल, तर समितीचा कागद कोर्टात पोहोचल्याशिवाय तो संपत नाही.

मिटवू नये, असे काय?

खून, बलात्कार, दरोडा आणि बालकांवरील लैंगिक अत्याचार हे गुन्हे कोणत्याही तक्त्यात नाहीत. इथे फिर्याद राज्याची असते. पीडिताने माफ केले म्हणून ती संपत नाही. राहतो तो एकच रस्ता : उच्च न्यायालयाकडे, म्हणजे परभणीकरांसाठी छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे, कलम 528 खाली गुन्हा रद्द करण्याचा अर्ज. या अधिकाराच्या सीमा सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ग्यानसिंग खटल्यात आखल्या. पैशाचे, व्यवहाराचे, घरगुती वाद रद्द होऊ शकतात; खून-बलात्कारासारखे गुन्हे तडजोडीवर रद्द होऊ नयेत.

राजस्थानात एका शिक्षकावर विद्यार्थिनीच्या लैंगिक छळाचा गुन्हा दाखल झाला. तक्रार गैरसमजातून झाली, असे मुलीच्या वडिलांनी मुद्रांकावर लिहून दिले आणि उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. 7 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला आणि खटला चालवायला सांगितले. वडिलांच्या सहीने मुलीवरचा अन्याय मिटत नाही, असाच त्याचा अर्थ.

याला अपवाद नाहीच असे नाही. महाराष्ट्रातील एका प्रकरणात सज्ञान तक्रारदार महिलेने स्वतःच खटला नको असल्याचे प्रतिज्ञापत्र दिले. आपले लग्न झाले असून खटल्याने संसार विस्कटेल, असे तिचे म्हणणे होते. बलात्काराचा गुन्हा रद्द करण्यास खंडपीठाने मार्च 2025 मध्ये नकार दिला. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, पण प्रकरणातील विशेष परिस्थिती पाहून. तो नियम नाही, हे बैठक बसवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

बैठक बसवणारेही अडकतात

शिक्षेपासून गुन्हेगाराला वाचवण्यासाठी पैसे घेणे हा न्याय संहितेच्या कलम 250 खाली आणि देणे हा कलम 251 खाली गुन्हा आहे. कायद्याने मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांना त्यातून सूट आहे, बाकीच्यांना नाही. बालकावर अत्याचार झाल्याचे कळूनही पोलिसांना न कळवणाऱ्याला पोक्सो कायद्याखाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

धुऱ्याचे भांडण गावाने जरूर मिटवावे. शेजाऱ्यासोबत उद्याही पाणी वाटून घ्यायचे असते आणि तारखांवर तारखा कोणालाच परवडत नाहीत. पण पोरीच्या अब्रूची किंमत ठरवायला बसलेली बैठक तंटामुक्ती करत नाही, ती आरोपीला वाचवते. तिथे गावाचे काम एकच : मुलीच्या घरच्यांसोबत पोलीस ठाण्यापर्यंत जाणे.