खडू संपला की आपण मागतोच ना?

परवा एका मुलीला मी विनाकारण बोलले. ते मनाला लागून राहिलं आहे, म्हणून आज हे लिहिते आहे.

माझ्या धाकट्या बहिणीची नात जिल्ह्याच्या गावी कॉलेजात शिकते. तिने एक निबंध मेलने पाठवला होता, "आजी, शुद्धलेखन बघ." बघते तर काय, पहिल्याच ओळीत 'विदयारथी'! पुढे 'पुसतक', 'शबद', 'अभयास'. तेहतीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईचं डोकं फिरायला एवढं पुरे. फोन केला आणि चांगलं सुनावलं. ती गप्प ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आजी, मला जोडाक्षरं येतात गं. आमच्या लॅबमधलं D चं बटण उमटत नाही."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी लिहिताना D च्या कळीवर हलन्त असतो, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह. 'विद्यार्थी' लिहायला ती कळ दोनदा लागते. दोन्ही वेळा ती उमटली नाही तर उरतं ते 'विदयारथी'. इंग्रजीत एखादा D गेला तर एक अक्षर जातं. मराठीत सगळी जोडाक्षरं जातात आणि मुलगी अडाणी ठरते. ती कळ जोरात चार-पाच वेळा दाबली की एकदा उमटते म्हणे, पण लॅबचा तास असतो चाळीस मिनिटांचा.

"मग तक्रार का नाही केली?" तर केली होती. मुलींनी कॉलेजच्या आयटी विभागाला मेल पाठवला होता: 'लॅबमधील सर्व कीबोर्ड खराब आहेत, कृपया बदलावेत.' उत्तर आलं, 'कीबोर्ड चालू स्थितीत आहेत. विद्यार्थ्यांनी काळजीपूर्वक वापरावेत.' तोंडी आणखी एक शेरा मिळाला, की अक्षरं बघून टाइप करायची सवयच वाईट!

माझं भांडण या उत्तराशी आहे. पण आधी मुलींचंही चुकलं ते सांगते. 'सर्व' आणि 'खराब' हे दोन शब्द कुठल्याही कचेरीत मरतात. आयटीचा माणूस येतो, एका कीबोर्डवर दहा बटणं दाबतो, ती चालतात, तो निघून जातो. त्याचंही खोटं नसतं. म्हणून मी म्हटलं, आधी हजेरी घ्या.

चौघी मुलींनी एका दुपारी चोवीस संगणक वाटून घेतले. नोटपॅड उघडायचं, प्रत्येक कळ नेहमीच्या जोराने दहा वेळा दाबायची आणि दहाच अक्षरं उमटली का ते मोजायचं. कमी उमटली तर तो कीबोर्ड काढून शेजारच्या संगणकाला लावायचा. दोष त्याच्याबरोबर गेला तर दोष कीबोर्डचा. मागे राहिला तर संगणकाचा.

याचा फायदा झाला. सात कीबोर्ड ठणठणीत निघाले. नऊंच्या कळा चालत होत्या, पण अक्षरं पुसलेली. सहांमध्ये कळा खरोखर मेलेल्या. आणि दोन ठिकाणी दोष कीबोर्डचा नव्हताच. एकाचं यूएसबीचं भोक सैल होतं. दुसऱ्यावर कुणीतरी उजवीकडची शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली होती. मग विंडोज Filter Keys सुरू करू का असं विचारतं. न वाचता 'Yes' म्हटलं की झटकन दाबलेल्या कळा ते मोजतच नाही, आणि चांगला कीबोर्ड मेल्यासारखा वागतो. हे दोन यादीत राहिले असते तर आयटीने नेमके तेच दाखवून बाकीची यादी खोटी ठरवली असती.

नातीने एक जुना कीबोर्ड उघडून मला व्हिडिओवर दाखवला. कळांखाली रबराच्या छोट्या टोप्या, त्याखाली प्लॅस्टिकचे तीन पातळ कागद. वरच्या आणि खालच्या कागदावर विजेच्या रेघा, मधल्याला भोकं. टोपी दबली की दोन रेघा टेकतात आणि अक्षर उमटतं. टोपी थकली की ती एकच कळ जड होते. चहा सांडून एखादी रेघ खाल्ली गेली की त्या रेघेवरच्या तीन-चार कळा एकदम जातात. दोन्हींत काळजीपूर्वक वापरून काही परत येत नाही.

दुसरा मेल मग असा गेला:

'महोदय, लॅबमधील २४ कीबोर्ड तपासले. संगणक क्र. ३, ७, ८, १४, १९ व २२ येथील पुढील कळा दहापैकी पाचपेक्षा कमी वेळा उमटतात (यादी सोबत). हेच कीबोर्ड दुसऱ्या संगणकांना लावूनही दोष कायम राहिला. ६ नवे यूएसबी कीबोर्ड व २ राखीव मिळावेत. ९ कीबोर्डवरील अक्षरे पुसली आहेत. ते बदलू नयेत, देवनागरी-इंग्रजी अक्षरांचे स्टिकर पुरेत. क्र. ५ चे पोर्ट दुरुस्त करावे. क्र. ११ चा दोष सेटिंगचा होता, तो दूर केला आहे.'

आठवड्याभरात सहा कीबोर्ड आले. स्टिकर नाही आले. कारण तेच, "टच टायपिंग शिका."

अहो, न बघता टाइप करणारा माणूस शिकून झालेला असतो! लॅब शिकणाऱ्यांसाठी आहे. फोनवर अंगठ्याने लिहिणारी मुलगी पहिल्यांदा कीबोर्डसमोर बसते तेव्हा तिला अक्षर दिसायलाच हवं. आणि पासवर्डच्या रकान्यात तर पडद्यावर नुसते ठिपके येतात. कळीवरही अक्षर नाही, पडद्यावरही नाही, तर तिने चूक ओळखायची कशी? फळ्यावर न लिहिता मुळाक्षरं शिकवा असं मला कुणी सांगितलं असतं तर?

दोन राखीव कीबोर्डही नाकारले. कारण विचारलं तर कळलं, की संगणक, पडदा, कीबोर्ड, माऊस असा संच डेडस्टॉक रजिस्टरला एकाच नोंदीने चढवलेला. कीबोर्ड बाद करायचा तर निर्लेखनाचा प्रस्ताव, समिती, सह्या. चार-पाचशे रुपयांच्या वस्तूसाठी! शाळेत ते रजिस्टर मीही सांभाळलं आहे. त्यात कपाट असतं, बाक असतो, घंटा असते. खडू कधी नसतो. खडू झिजणार हे सगळ्यांना मान्य असतं, म्हणून त्याची पेटी वर्षाच्या सुरुवातीलाच येते आणि संपली की शिपाई दुसरी आणून ठेवतो. कुणी विचारत नाही, "बाई, खडू काळजीपूर्वक का नाही वापरला?"

दिवसभर शेकडो बोटं ज्यावर आपटतात तो कीबोर्ड कपाट नव्हे, खडू आहे. त्याची नोंद उपभोग्य वस्तूंत करा, दर सत्राच्या सुरुवातीला दहा-दहा वेळा कळा मोजा आणि दोन कीबोर्ड लॅबच्याच खणात ठेवा. माझं मागणं एवढंच. तिसरा मेल मुली याच मुद्द्यावर लिहीत आहेत, या वेळी प्राचार्यांना प्रत देऊन.

आणि हो, नातीची मी माफी मागितली. ती हसून म्हणाली, "आजी, तूही आयटीसारखंच बोललीस, मुलीच वापरणाऱ्या वाईट!" खरंच आहे. यंत्र चालतं असं गृहीत धरून आपण माणसाला दोष देतो.

तुमच्या मुलानातवंडांच्या लॅबमध्ये काय परिस्थिती आहे? विचारून बघा, आणि मला कळवा.