कुंडीला पाणी खालून की वरून?

मालवणच्या बाजारपेठेत खाली दुकान आणि वर घर असलेल्या कितीतरी माड्या आहेत. अशा माडीच्या सज्जात मे महिन्यात एक चूक हमखास होते. प्लॅस्टिकच्या कुंडीत काथ्याचा भुसा आणि शेणखत भरून मोगऱ्याचे रोप लावलेले असते. सकाळी तांब्याभर पाणी ओतताच ते क्षणात खालच्या बशीत उतरते. बशी भरलेली पाहून गृहिणीस वाटते की पाणी पुरेसे झाले, पण दुपारी रोपाने मान टाकलेली असते. रोप उपटून पाहिले तर मुळांभोवतीचा गोळा कोरडा ठणठणीत निघतो.

काथ्याचा भुसा एकदा पूर्ण सुकला की पाण्यास जवळ येऊ देत नाही आणि आकसून कुंडीच्या कडेपासून सुटतो. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून थेट भोकाकडे धावते. अशा वेळी कुंडीस खालूनच पाणी पाजावे लागते. परातीत दोन इंच पाणी घेऊन कुंडी तीत अर्धा तास ठेवावी. समईची वात जशी तेल वर ओढते, तसा भुसा पाणी वर ओढून घेतो. वरचा थर बोटास ओलसर लागला की कुंडी उचलून पाव तास निथळू द्यावी. कुंडी आधी व नंतर हातात तोलून पाहिली की वजनातील फरक लगेच कळतो, आणि दोनचार वेळांनंतर बोट घालण्याचीही गरज उरत नाही.

तासाभरानेही माथा कोरडाच राहिला, तर बहुधा तळाशी खापऱ्यांचा जाड थर असतो. पाण्याची चढण तेथेच तुटते, कारण मोठ्या पोकळ्यांतून पाणी स्वतःहून वर सरकत नाही. खालून पाणी द्यावयाच्या कुंडीत खापऱ्या घालू नयेत. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरे. रेताड मातीतही पाणी फार वर चढत नाही. म्हणून ही पद्धत वीतभर उंचीच्या, भुसा मिसळलेल्या कुंड्यांची होय. तुळशीचे बी पेरलेल्या ट्रेस तर तीच योग्य, कारण वरच्या धारेने ते बारीक बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होते. केसाळ पानांच्या बेगोनियासही ती मानवते, कारण त्याची पाने भिजून राहिली की डागाळतात.

मातीच्या कुंडीची गोष्ट थोडी निराळी आहे. ती भिंतीतूनही पाणी पिते आणि भिंतीतूनच घालवते. कोरडी कुंडी परातीत ठेवली की आधी स्वतःची तहान भागवते, म्हणून तिला वेळ आणि पाणी दोन्ही अधिक लागतात.

या युक्तीने मोगरा सावरतो आणि गृहिणी सगळ्याच कुंड्यांना खालून पाणी देऊ लागते. महिन्याभरात मातीच्या माथ्यावर पांढरा पापुद्रा दिसतो आणि पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात. हे मीठ असते. किनाऱ्यालगत जमिनीतील गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. सिंधुदुर्ग किल्ल्यातील दूधविहीर, दहीविहीर व साखरविहीर समुद्राच्या मधोमध गोड राहतात, हे त्याचेच नवल. परंतु उन्हाळ्यात उपसा वाढला की किनाऱ्यावरील एखादी विहीर मचूळ होते. ते पाणी परातीतून वर चढते, माथ्यावरून वाफ होऊन उडते आणि क्षार तेवढे मागे राहतात. खालून पाणी देताना त्यांना बाहेर पडण्यास वाटच नसते.

क्षाराने कोमेजलेले रोप तहानलेल्या रोपासारखेच दिसते. फरक एवढाच की माती ओली असते. त्यावर आणखी पाणी पाजणे व्यर्थ. पापुद्रा खरवडून टाकावा आणि मिळेल तितके गोडे पाणी वरून सावकाश घालावे. सहा इंची कुंडीत सुमारे दोन लिटर माती मावते, तिला चार लिटर पाणी तीनचार टप्प्यांत द्यावे. खालून निघणारे पाणी बशीत साचू न देता ओतून टाकावे, नाहीतर तेच क्षार पुन्हा वर चढतील. विहीर मचूळ असेतो महिन्यातून एकदा हे करावेच.

मोठ्या पिंपातील लिंबू, कढीलिंब, जास्वंद यांना मात्र नेहमी वरूनच पाणी द्यावे. ती परातीत उचलून ठेवता येत नाहीत, आणि पाणी तेवढ्या उंचीवर चढतही नाही. निवडुंगालाही वरूनच, पण माती पूर्ण सुकल्यावर, एकदाच भरपूर.

अर्ध्या तासानंतर परातीत उरलेले पाणी लगेच काढावे. मुळे रात्रभर बुडाली तर गुदमरतात, आणि आठवडाभर साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात. मग ते ओतणेही जिवावर येते, तेव्हा जीवोत्पत्ती होण्याआधीच परात कोरडी केलेली बरी. जून लागला की बशा व पराती आवरून ठेवाव्यात आणि मोगऱ्याची कुंडी उघड्या पावसात न्यावी. उन्हाळ्यात साठलेले मीठ पहिले काही जोरदार पाऊस फुकटात धुऊन काढतात.