'मुस्लिम' शब्द शोधला, माणसं सुटली

आमच्या अभ्यास गटातल्या एका तरुणाने मोठ्या कष्टाने मोजणी केली. एका मराठी दैनिकाच्या संकेतस्थळावर त्याने 'मुस्लिम' हा शब्द शोधला, आलेल्या बातम्या वाचल्या आणि निष्कर्ष काढला : मुसलमानांविषयीच्या बहुतेक बातम्या वादाच्याच असतात. संपादकांना निवेदन द्यायचं ठरत होतं. मी म्हणालो, थांबू या.

दहावीत पहिली आलेली शबाना, द्राक्षबागेचं नुकसान झालेले अन्वरभाई यांच्या बातमीत नाव येतं, 'मुस्लिम' हा शब्द येत नाही. तो येतो तो मुख्यतः धर्म हाच विषय असतो तेव्हा : आरक्षण, तलाक, मोर्चा, दंगल. म्हणजे शोधशब्दाने वादाच्या बातम्या आधीच वेचल्या, आणि मग आपण म्हणालो की सगळीकडे वादच आहे. या मोजणीतून एवढंच सिद्ध होतं की धर्माचा उल्लेख होतो तेव्हा बहुधा वाद असतो. तेही महत्त्वाचं आहे, पण दावा वेगळा आहे.

शब्दशोधात आणखी एक चाळणी लपलेली असते. कुठे 'मुस्लिम' छापतात, कुठे 'मुस्लीम'. शिवाय 'मुस्लीम'चं सामान्यरूप होताना 'मुस्लिमांना' असा ऱ्हस्व होतो. एकच रूप शोधलं तर बाकीच्या बातम्या गळतात. 'मुसलमान', 'अल्पसंख्याक' तर वेगळेच.

मग करायचं काय? वृत्तपत्रांच्या अभ्यासात 'रचित आठवडा' ही जुनी पद्धत आहे. सहा महिन्यांतल्या सगळ्या सोमवारांतून चिठ्ठी टाकून एक सोमवार काढायचा, मंगळवारांतून एक मंगळवार, असे सात अंक. वर्षासाठी असे दोन आठवडे, म्हणजे 14 अंक. सलग आठवडा घेतला आणि त्यात एखादी दंगल किंवा ईद आली, तर तीच वर्षभराची गोष्ट वाटते. अंक मात्र पहिल्या पानापासून जिल्हा पुरवणीपर्यंत वाचायचा आणि व्यक्ती नावावरून नोंदवायची. केवळ आडनावावर जाऊ नका. पाटील, देशमुख, इनामदार आपल्यातही आहेत. निम्मे अंक दोघांनी वेगवेगळे वाचून नोंदी जुळतात का, तेही पाहा.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. 14 अंकांत आपल्या माणसांच्या 20 बातम्याच सापडल्या, तर दोन-तीन बातम्यांनी टक्केवारी पार बदलते. तेव्हा आणखी आठवडे काढावेत, नाहीतर टक्केवारी न सांगता बातम्याच मांडाव्यात.

कोणी म्हणेल, अन्याय उघड असताना ही मोजमापं कशाला? कच्चा आकडा घेऊन गेलो, तर संपादक शबानाची एक बातमी दाखवून आपलं निवेदन बाजूला सारतील, आणि खरी तक्रारही त्याबरोबर जाईल. शिवाय पूर्ण अंक वाचल्यावर कदाचित कळेल की आपली तक्रार वेगळीच आहे : वादाच्या बातम्या जास्त असण्यापेक्षा अन्वरभाई फारच कमी दिसतात. ती मागणी संपादकांसमोर ठेवता येईल.