कोअरची ताकद कमी, म्हणून स्लॅब कमकुवत?

स्लॅबमधून काढलेल्या काँक्रीटच्या कोअरची ताकद कमी आली, की मजबुतीकरणाची मागणी लगेच पुढे येते. मात्र अशा अहवालावर स्ट्रक्चरल इंजिनीअरने द्यावयाच्या पत्रात दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात : काँक्रीट निकषात बसते काय आणि स्लॅब सुरक्षित आहे काय?

एम-25 काँक्रीटच्या 125 मिलिमीटर जाड स्लॅबचे उदाहरण घेता येईल. तीन कोअरची ताकद, घनाच्या मापात, 20, 20.5 व 21 आली. ‘आयएस 456 : 2000’नुसार सरासरी किमान 85 टक्के, म्हणजे 21.25 आणि प्रत्येक कोअर किमान 75 टक्के, म्हणजे 18.75 हवा. येथे सरासरी उणी पडते. काँक्रीट निकषात बसत नाही, हे पत्रात स्पष्ट लिहिले पाहिजे.

तथापि, वाकणाऱ्या स्लॅबची ताकद मुख्यत: सळयांवर अवलंबून असते. 8 मिलिमीटरच्या सळया 150 मिलिमीटर अंतरावर असल्यास काँक्रीटची ताकद 20 धरूनही ही क्षमता जेमतेम 2 टक्क्यांनी घटते. अर्थात सळया नकाशाप्रमाणे आहेत, याची तपासणी आधी हवी. बीमविना थेट खांबांवर टेकलेल्या स्लॅबमध्ये मात्र खांबाभोवती काँक्रीटची कर्तनशक्ती सुमारे 11 टक्क्यांनी घटते. तेथे मजबुतीकरणाची गरज खरोखरच भासू शकते.

शंका उरल्यास निर्णय भारचाचणीवर सोपवणे उचित ठरते.